सोमवारी आकडा का पडतो?

२६ एप्रिल २०२१, सोमवार. करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात ऐन भरात होती. आदल्या दिवशी, रविवारी, राज्याच्या आरोग्य विभागाने ६६,१९१ नवे रुग्ण जाहीर केले होते. सोमवारी संध्याकाळच्या पत्रकात आकडा आला ४८,७००. एका दिवसात जवळजवळ साडेसतरा हजारांची घट! १४ एप्रिलच्या रात्रीपासून ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू होते आणि त्याला बारा दिवस उलटून गेले होते. म्हणजे निर्बंधांचा गुण आला, असं म्हणायला सगळी जुळवाजुळव तयार होती.

मंगळवारी आकडा आला ६६,३५८. सोमवारी जेवढे रुग्ण ‘कमी’ झाले होते तेवढे सगळे परत आले, वर आणखी १६७. साथ एका दिवसात इतकी ओसरत नाही आणि दुसऱ्या दिवशी इतकी उसळतही नाही. मग त्या सोमवारी नेमकं काय कमी झालं होतं?

हे कळायला ‘आजचे रुग्ण’ हा आकडा कसा तयार व्हायचा ते पाहावं लागतं. माणूस आजारी पडला की त्याच दिवशी तो या आकड्यात येत नसे. अंग दुखतंय, ताप आहे, म्हणून एकदोन दिवस घरीच काढले जात. मग दवाखाना, डॉक्टरांची चिठ्ठी, स्वॅब देण्यासाठी रांग. नमुने गोळा होऊन प्रयोगशाळेत जात, तिथे एकेक खेप लावून आरटी-पीसीआर होई. निकाल आयसीएमआरच्या पोर्टलवर भरला जाई. तिथून यादी जिल्ह्याकडे आणि महापालिकेकडे येई, पत्ते तपासले जात, एकाच माणसाची दोनदा पडलेली नोंद काढली जाई आणि मग कुठे संध्याकाळच्या पत्रकात बेरीज लागे. ‘आज इतके रुग्ण’ याचा खरा अर्थ ‘आज इतक्या रुग्णांची नोंद आमच्यापर्यंत पोचली’ एवढाच होता.

या साखळीतल्या प्रत्येक कडीला रविवार असतो. खासगी दवाखाने रविवारी बंद किंवा अर्धवेळ. स्वॅब घेणारी केंद्रं कमी, प्रयोगशाळेत माणसं कमी, माहिती भरणारे त्याहून कमी. शिवाय लोकही ‘उद्या सोमवारी जाऊ’ म्हणतात. त्या एप्रिलमध्ये तर शनिवार-रविवारी टाळेबंदी असे, म्हणजे घराबाहेर न पडायला आणखी एक कारण. या सगळ्याचा परिणाम रविवारच्या पत्रकात दिसत नसे, कारण रविवारी जाहीर होणारे निकाल बहुतेक शुक्रवार-शनिवारी घेतलेल्या नमुन्यांचे असत. रविवारची सुस्ती आकड्यात उमटे ती सोमवारी. मंगळवारी गाडं थोडं सुरळीत होई आणि बुधवारपर्यंत आकडा पुन्हा आपल्या जागेवर येई.

ही नुसती अटकळ नाही, हे पडताळण्यासाठी एकच सोमवार पुरेसा नाही. म्हणून ओळीने पाच सोमवार घेऊ. ११ एप्रिलच्या रविवारी ६३,२९४ आणि सोमवारी ५१,७५१. पुढच्या रविवारी ६८,६३१, सोमवारी ५८,९२४. नंतरचा सोमवार आपण वर पाहिलाच. मग २ मेच्या रविवारी ५६,६४७, सोमवारी ४८,६२१. आणि ९ मेच्या रविवारी ४८,४०१, सोमवारी ३७,२३६. पाच सोमवार, आणि पाचही वेळा आठ हजारांहून मोठी घसरण. यातले पहिले दोन सोमवार साथ चढत असतानाचे आहेत, शेवटचे दोन उतरत असतानाचे. साथीची दिशा काहीही असो, सोमवार आपला पडतोच. जी गोष्ट चढाला आणि उताराला सारखीच घडते, ती चढ-उताराबद्दल काही सांगू शकत नाही. ती फक्त वार सांगते.

इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक होतं. ‘सोमवारचा आकडा धरू नका’ हे त्या काळात अनेक पत्रकारांनाही तोंडपाठ झालं होतं. पण सोमवार वगळून भागत नाही. सोमवार खोटा असेल तर त्याच्या शेजारी ठेवलेला मंगळवारही फसवा ठरतो, कारण खड्ड्यातून बाहेर येणं हे डोंगर चढल्यासारखं दिसतं. आणि सोमवार वगळला तर आपण सोमवारी काय सांगायचं? आकडा तर रोज येतो, लोक रोज विचारतात.

यातली फसवणूक किती खोल जाते ते दोन तारखांवरून पाहू. या दोन तारखा मला फार बोलक्या वाटतात, कारण त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

पहिली तारीख १९ एप्रिल, सोमवार. आदल्या दिवशी ६८,६३१, हा राज्यातल्या दुसऱ्या लाटेचा एका दिवसातला सर्वांत मोठा आकडा. सोमवारी ५८,९२४. कालच्याशी तुलना केली तर ९,७०७ची घट. आता कालचा रविवार बाजूला ठेवा आणि आधीच्या सोमवारकडे, १२ एप्रिलकडे पाहा. तेव्हा आकडा होता ५१,७५१. म्हणजे सोमवारशी सोमवार ताडला तर सात हजारांहून अधिक वाढ. ‘कालपेक्षा’ सांगतं साथ उतरली, ‘गेल्या सोमवारपेक्षा’ सांगतं साथ चढली. खरं दुसरंच होतं. साथ अजून चढत होती.

दुसरी तारीख ४ मे, मंगळवार. आदल्या सोमवारी ४८,६२१, मंगळवारी ५१,८८०. कालच्यापेक्षा ३,२५९ जास्त. पण त्याच्या आधीचा मंगळवार ६६,३५८ होता. वाराशी वार लावला तर साडेचौदा हजारांची घट. ‘कालपेक्षा’ म्हणतं रुग्ण पुन्हा वाढू लागले. प्रत्यक्षात लाट उतरणीला लागली होती आणि उतार चांगला धरलेला होता.

कालची तुलना नुसती ढोबळ असती, थोडी इकडेतिकडे झाली असती, तरी चाललं असतं. इथे ती दिशाच उलटी दाखवते, आणि तीही नेमकी वळणाच्या काळात, जेव्हा खाटा किती लागतील, ऑक्सिजन किती मागवायचा, हे ठरवायचं असतं.

वाराशी वार ही तुलना चांगली आहे, पण तिच्यातही एक उणीव आहे. ती दोनच दिवसांवर उभी असते. त्यातल्या एखाद्या दिवशी एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेचं यंत्र बंद पडलं, पोर्टल अडकलं, की तुलना बिघडली. म्हणून सात दिवसांची सरकती सरासरी काढतात. कृती शाळेतल्या गणिताइतकी सोपी आहे. आज आणि आजच्या मागचे सहा दिवस, असे सात आकडे घ्यायचे, बेरीज करायची, सातांनी भागायचं. उद्या एक नवा दिवस आत घ्यायचा, सर्वांत जुना बाहेर काढायचा, पुन्हा भागायचं.

सोमवार १९ ते रविवार २५ एप्रिल हा आठवडा घेऊ. सात दिवसांच्या पत्रकांची बेरीज होते ४,५५,६८९. सातांनी भागलं की ६५,०९८. आता तो २६ एप्रिलचा सोमवार येतो, ४८,७०० घेऊन. तो आत आला की बाहेर कोण जातं? २५ तारखेचा रविवार नव्हे. बाहेर जातो १९ तारखेचा सोमवार, ५८,९२४ घेऊन. सोमवार गेला, सोमवार आला. बेरीज १०,२२४ने घटली आणि सरासरी त्याच्या सातव्या भागाने, १,४६१ने, उतरून ६३,६३८वर आली. साडेसतरा हजारांच्या घसरगुंडीच्या जागी दीड हजाराचा उतार, आणि दुसऱ्या दिवशीच्या उसळीने तोही सहाशेच्या आसपास भरून निघाला. हेच त्या दोन दिवसांचं खरं चित्र होतं: लाट माथ्यावर येऊन जेमतेम कलू लागलेली.

सरासरी म्हणजे केवळ चढउतार बोथट करण्याची युक्ती, असा समज असतो. सात दिवसांच्या सरासरीत त्याहून नेमकं काहीतरी घडतं. ती रोज किती हलायची ते ठरवतो आजचा आकडा आणि मागच्या आठवड्यातला त्याच वाराचा आकडा यांच्यातला फरक, भागिले सात. कालचा आकडा या हिशेबात कुठेच नाही. म्हणजे जी वाराशी वार तुलना आपण हाताने केली, तीच ही सरासरी रोज आपोआप करते, आणि सातही वारांच्या अशा तुलना एकत्र सांभाळून ठेवते.

याचा सर्वांत सुरेख दाखला ३ मेचा आहे. त्या सोमवारी आकडा रविवारच्या ५६,६४७वरून ४८,६२१वर आला, आठ हजारांनी खाली. पण मागच्या सोमवारी तो ४८,७०० होता. फरक फक्त ७९चा. म्हणून सरासरी त्या दिवशी हलली ती अवघी ११ने! आठ हजारांची बातमी अकरावर आली. आणि दुसऱ्या दिवशी, त्या ४ मेच्या मंगळवारी, रोजचा आकडा वर गेला तेव्हा सरासरी २,०६८ने खाली उतरली. १९ एप्रिलला याच्या उलट झालं होतं. रोजचा आकडा पावणेदहा हजारांनी पडला आणि सरासरी हजाराने चढली. दोन्ही वेळा सरासरीचं बरोबर निघालं.

सातच का, पाच किंवा दहा का नाही, हा प्रश्न नेहमी येतो. ‘आठवडा सातांचा म्हणून’ हे उत्तर खरं आहे, पण पाच घेतल्यावर काय बिघडतं ते पाहिल्याशिवाय पटत नाही. त्याच दिवसांची पाच दिवसांची सरासरी काढून पाहा. ३० एप्रिलला, शुक्रवारी, ती येते ६१,४८९. १ मेला, शनिवारी, ती होते ६४,४०५. एका दिवसात २,९१६ची वाढ! त्या दिवशी काही विशेष झालं होतं का? रोजचा आकडा ६२,९१९वरून ६३,२८२ झाला होता, म्हणजे जवळपास जागेवरच. झालं एवढंच की पाच दिवसांच्या चौकटीतून सोमवार बाहेर पडला. शुक्रवारपर्यंत चौकटीत एक सोमवार होता, शनिवारी एकही उरला नाही. सात दिवसांची सरासरी त्याच दिवशी ५५४ने घटली होती. दहा दिवसांची चौकट घेतली तर तिच्यात कधी एक सोमवार येतो, कधी दोन. सातांच्या चौकटीत मात्र कोणत्याही दिवशी पाहा, प्रत्येक वार नेमका एकदाच असतो. रविवारची सुट्टी तिच्यात कायम एकदा मोजलेली असते, म्हणून ती हलत नाही. चौदा दिवसांनीही हे साधतं, पण त्याची किंमत उशिरात मोजावी लागते.

उशीर हा या पद्धतीचा खरा दोष, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आज काढलेली सरासरी आजची नसते. सात दिवसांच्या मधला दिवस तीन दिवसांपूर्वीचा असतो, तेव्हा ती मुळात तीन दिवसांपूर्वीची परिस्थिती सांगते. दुसऱ्या लाटेत रोजच्या आकड्याचा उच्चांक १८ एप्रिलचा, पण सरासरीचा उच्चांक आला २४ एप्रिलला, ६५,४४७. म्हणजे सरासरीला शिखर सहा दिवस उशिरा दिसलं का? तसं नाही. त्या सात दिवसांचा मध्य २१ एप्रिल आहे, आणि शिखर साधारण तिथेच मानायला हवं. १८ तारीख हा त्या पठारावरचा एक उंच दगड होता, इतकंच. काही जण म्हणून आलेखात सरासरीचा बिंदू शेवटच्या दिवसावर न ठेवता मधल्या दिवसावर ठेवतात. तसं केलं की वक्र आपल्या जागी बसतो, पण शेवटचे तीन दिवस कोरे राहतात. रोजच्या बातमीत ते चालत नाही, म्हणून तिथे शेवटच्या दिवसावर ठेवण्याची रीत पडली. दोन्ही चालेल, फक्त कोणतं केलंय ते आलेखाखाली लिहिलेलं असावं.

आता ही सरासरी कुठे हात टेकते ते पाहू. ती फक्त आठवड्यानेमाने येणारी खोट काढून टाकते. जी खोट वार पाहून येत नाही, तिच्यापुढे तिचं काही चालत नाही. १६ जून २०२० रोजी राज्याने त्या दिवसाच्या ८१ मृत्यूंच्या जोडीला आधीच्या नोंदींचा ताळमेळ लावून सापडलेले १,३२८ जुने मृत्यू एकदम जाहीर केले. त्यांतले ८६२ एकट्या मुंबईतले. हे मृत्यू त्या दिवशी झालेले नव्हते, त्या दिवशी कागदावर आले. पण सात दिवसांच्या सरासरीला हे कसं कळणार? १,३२८ भागिले सात म्हणजे रोजचे सुमारे १९० मृत्यू तिच्यात पुढचे सात दिवस चिकटून बसले. आठव्या दिवशी, २३ जूनला, तो दिवस चौकटीबाहेर गेला आणि सरासरी तेवढीच धाडकन खाली आली. पाहणाऱ्याला वाटावं, मृत्यू एकाएकी कमी झाले.

अशी खोट ओळखायची खूण मात्र पक्की आहे. आलेखात एक सपाट ओटा दिसतो, दोन्ही कडा उभ्या, आणि लांबी बरोबर सात दिवस. साथ असे ओटे बांधत नाही. असा ओटा दिसला की सुरुवातीच्या दिवसाचं मूळ पत्रक काढून वाचायचं. त्यात बहुधा एखादी तळटीप सापडते. पुढे राज्याच्या पत्रकात एकूण मृत्यूंपैकी किती गेल्या ४८ तासांतले, किती गेल्या आठवड्यातले आणि किती त्याहून जुने, अशी फोड येऊ लागली, हे फार चांगलं झालं. रोजच्या बातमीत मात्र ती फोड क्वचितच पोचायची.

दुसरी अडचण सणांची. सण वार पाहून येत नाहीत. २०२०च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन शनिवारी होतं, भाऊबीज सोमवारी १६ नोव्हेंबरला. त्या सोमवारी राज्याचा आकडा अडीच हजारांच्या आसपास होता आणि बुधवारी तो पाच हजारांवर गेला. चाचण्या थंडावल्या होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या. सात दिवसांच्या सरासरीत ही दिवाळी खड्ड्यासारखी दिसते, आणि तो भरताना दिसणारा चढ नव्या लाटेसारखा वाटतो. अशा वेळी सण संपून पूर्ण आठवडा उलटेपर्यंत गप्प बसणं हाच उपाय. आपल्या वरच्या उदाहरणातही हे थोडं शिरलेलं असावं. २ मेच्या रविवारी आकडा शनिवारच्या ६३,२८२वरून ५६,६४७वर आला होता, एरवी रविवारी इतका पडत नसे. आदला शनिवार १ मे, महाराष्ट्र दिन, म्हणजे सुट्टी. त्या आठवड्यात रविवारची सुस्ती एक दिवस आधीच आली असेल, ही शक्यता धरायला हवी. ती घट सगळी खरी नव्हती असं म्हणता येईल, पण नेमकी किती खरी, हे एवढ्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

या दोन्ही प्रकारांपेक्षा वेगळी एक गोष्ट सरासरी फार छान पेलते. नोंद एकदोन दिवस पुढे-मागे सरकली, पण आठवड्याच्या आतच राहिली, तर एकूण बेरीज बदलत नाही. एखाद्या जिल्ह्याची गुरुवारची यादी उशिरा आली आणि शुक्रवारच्या आकड्यात मिळवली गेली, तर गुरुवार खाली, शुक्रवार वर. रोजच्या आलेखात हा दात ठळक दिसतो. सरासरीत गुरुवारी थोडा खळगा पडतो आणि शुक्रवारी तो भरून निघतो.

हे सगळं साथीपुरतं नाही. रोजची विक्री, दवाखान्यातले पेशंट, एसटीच्या एखाद्या मार्गावरचे प्रवासी, आठवडी बाजाराच्या गावातलं दुकान, जिथे जिथे आकड्याला वार चिकटलेला आहे तिथे हीच रीत लागू पडते. संगणकावरच्या तक्त्यात ती करायला दोन मिनिटं पुरतात. पहिल्या रांगेत शीर्षकं, A स्तंभात तारखा, B स्तंभात रोजचा आकडा. मग C8 या घरात हे लिहायचं आणि खाली ओढत न्यायचं:

```
=AVERAGE(B2:B8)
```

पहिल्या सहा दिवसांची घरं कोरीच सोडायची. सात दिवस होण्याआधी सरासरी नसते, तीन-चार दिवसांवर ती काढून दाखवली की मागच्या दाराने वार पुन्हा आत शिरतो.

इथे एक सापळा आहे आणि त्यात सगळे अडकतात. हे सूत्र कोरं घर मोजत नाही. दुकान दर गुरुवारी बंद असेल आणि तुम्ही गुरुवारचं घर रिकामं ठेवलंत, तर सूत्र सहांनी भागेल आणि विक्री आहे त्यापेक्षा जास्त दिसेल. बंदच्या दिवशी 0 लिहायला हवा. पण एखाद्या दिवशी दुकान चालू होतं आणि वही हरवली, तर तिथे 0 लिहिणं म्हणजे विक्री झालीच नाही असं खोटं सांगणं. ते घर कोरं ठेवायचं आणि त्या आठवड्याच्या सरासरीवर खूण करायची, कारण तिच्यात एक वार कमी आहे.

टक्केवारीची सरासरी काढताना आणखी एक काळजी. रोजच्या शंभर चाचण्यांत किती बाधित, हे प्रमाण साथीत फार पाहिलं जायचं, आणि ते पाहणं योग्यच होतं: रुग्ण घटले ते चाचण्या घटल्यामुळे की कसं, याचा अंदाज त्यावरून येतो. पण सात दिवसांच्या सात टक्केवाऱ्या घेऊन त्यांची सरासरी काढू नये. रविवारी चाचण्या थोड्या, म्हणून त्या दिवसाच्या टक्केवारीला बुधवारइतकं वजन देणं बरोबर नाही. सात दिवसांचे बाधित एकत्र करायचे, सात दिवसांच्या चाचण्या एकत्र करायच्या आणि मग एकदाच भागायचं.

आकडे फार लहान असतील, एखाद्या तालुक्यात दिवसाला दोन-तीन रुग्ण, तर सरासरीही डळमळत राहते. तिथे आठवड्याची बेरीजच सांगावी.

लाटेचं सगळं वळण रविवारी संपणाऱ्या चार आठवड्यांच्या चार सरासऱ्यांत येतं. १८ एप्रिलपर्यंत ६१,७२८, २५ एप्रिलपर्यंत ६५,०९८, २ मेपर्यंत ६१,०५३, ९ मेपर्यंत ५३,७६६. चढ, माथा, उतार. त्याच चार आठवड्यांतले अठ्ठावीस रोजचे आकडे कालच्याशी ताडत बसलं तर साथ दर सोमवारी संपते आणि बुधवारपर्यंत पुन्हा सुरू होते.

वार्ताहरांना माझी एकच विनंती आहे. सरासरी छापायला जागा नसेल, आलेख काढायला वेळ नसेल, तर निदान ‘कालपेक्षा’ हा शब्द काढून टाका आणि त्या जागी गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराचा आकडा द्या. जागा तेवढीच लागते.